खाजनातल्या मानसावर कूट भारूड कसे रचावे: रात्रीच्या भजनासाठी एका रचनेची पूर्ण घडण

भारुडाचे भजनी, सोंगी आणि कूट असे तीन प्रकार सांगितले जातात. भजनी भारूड टाळ-पखवाजावर बसून गायले जाते, सोंगी भारुडात वेष घेऊन उभे राहावे लागते, आणि कूट भारुडात वरवर प्रपंचातली एखादी गोष्ट सांगत आत कोडे ठेवलेले असते. संत एकनाथांनी (1533–1599) हे प्रकार इतक्या थरांपर्यंत नेले की आज भारूड रचू पाहणारा प्रत्येक जण त्यांच्याच वाटेने चालतो. या लेखात फक्त कूट प्रकाराचा विचार केला आहे, आणि तोही गोव्यातल्या देवळात किंवा मांडवात रात्री उशिरा गायच्या रचनेपुरता. उदाहरण म्हणून एक पूर्ण रचना टप्प्याटप्प्याने घडवून दाखवली आहे. तिचा विषय आहे खाजन शेतीतला मानस, म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार.

विषय निवडताना

नवे रचणारे बहुतेक जण आधी परमार्थ ठरवतात आणि मग त्याला शोभेल असा प्रपंचातला विषय शोधतात. देह म्हणजे घर, इंद्रिये म्हणजे खिडक्या, आत्मा म्हणजे दिवा, अशी जुळणी पाच मिनिटांत होते आणि ऐकणाऱ्यालाही तितक्याच वेळात उलगडते. तिच्यात कोडे उरत नाही, कारण घर, खिडक्या आणि दिवा यांत मुळातच चक्रावून टाकणारे काही नसते. माझ्या मते कूट भारुडाचा विषय असा हवा की ज्याच्या रोजच्या वास्तवातच एक विरोधाभास दडलेला आहे. विरोधाभास कवीला घडवावा लागला तर तो कृत्रिम वाटतो, आणि व्यवसायातच सापडला तर तो जाणत्याला खरा व नवख्याला अचाट वाटतो.

मांडवी आणि जुवारीच्या काठांवर, तसेच त्यांच्या खाड्यांना लागून, खाजन शेते आहेत. खाडीची पातळी भरतीला शेताहून वर जाते, म्हणून मातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवतात. शेतातले जादा पाणी बाहेर जावे यासाठी बांधात मानस बसवलेला असतो. मानसाला लाकडी दारे असतात आणि ती खाडीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला आतले पाणी जोर करते, दारे बाहेर ढकलली जातात आणि पाणी निघून जाते. भरतीला खाडीचे पाणी आत शिरायला येते आणि त्याच्याच दाबाने दारे मिटतात. मासळी धरण्यासाठी दार हाताने उचलतात ती वेगळी गोष्ट झाली. एरवी तिथे कोणी माणूस लागत नाही. खाजनात उभ्या हयातीत राबलेल्या माणसाला ‘काका, मध्यरात्री मानसाची दारे कोण लावतो?’ असे विचारले, तर तो ‘कोण लावणार? पाणीच लावते’ असे सहज म्हणेल. त्या उत्तरात भारुडाचे ध्रुपद जवळजवळ तयार आहे: जो चोरी करायला आला त्यानेच दार लावले.

वरचा अर्थ आधी पक्का करणे

पुढचे काम लिहिण्याचे नसून माहिती गोळा करण्याचे आहे. बांधावर जाऊन किंवा शेती करणाऱ्याला विचारून विषयातल्या वस्तू, त्यांचे काम आणि त्यांचे बिघाड यांची नोंद करावी. बिघाडांची नोंद विशेष महत्त्वाची असते, कारण साधकाच्या अडचणी नेहमी बिघाडातूनच बोलतात. खाजनाच्या बाबतीत अशी नोंद साधारण पुढीलप्रमाणे होईल. बांध माती, पेंढा आणि चिरे वापरून घालतात व त्याची सतत डागडुजी करावी लागते. कुर्ल्या बांधात बिळे पाडतात. बीळ लहान असते, पण त्यातून झिरपणारे पाणी वाट रुंद करत जाते आणि शेवटी बांध फुटतो. दारात काडी किंवा फांदी अडकली की दार पूर्ण मिटत नाही. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतला खार धुऊन काढते आणि मगच पेरणी होते. पेरतात ते कोरगुट जातीचे भात, कारण थोडा खार उरला तरी ते तग धरते.

एवढे हाती आल्यावर या नोंदीशेजारी आतल्या अर्थाचा दुसरा स्तंभ भरायला घ्यावा. शेत म्हणजे देह. गीतेच्या 13 व्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटले आहे, त्यामुळे हा संकेत श्रोत्यांच्या कानाला परका नाही. खाडी म्हणजे विषयांचा संसार, भरती म्हणजे वासनेचा लोट, बांध म्हणजे रोजचा नेम, पाऊस म्हणजे कृपा, आणि कोरगुट म्हणजे प्रपंचाच्या खारातही वाढणारी भक्ती. मानस हा शब्द तर शेतकऱ्याला दार सांगतो आणि कीर्तनाला बसणाऱ्याला मन. असा श्लेष आयता मिळतो तेव्हा त्याच्यावर बोट ठेवू नये, तो फक्त वापरावा.

या जुळणीची एक कठोर कसोटी आहे. वस्तूचा गुणधर्मही दोन्ही अर्थांत खरा ठरला पाहिजे, केवळ नाव जुळून चालत नाही. मानसाचे दार बाहेर उघडते आणि आत उघडत नाही. मनाच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की साचलेले ओतून द्यायला ते मोकळे आहे आणि बाहेरचा लोट आत घ्यायला बंद आहे, शिवाय हे बंद होणे त्या लोटाच्याच बळावर होते, दात-ओठ खाऊन धरलेल्या निग्रहाने नव्हे. इथे जुळणी नुसती टिकत नाही, तर ती आपल्याला आधी न सुचलेली गोष्ट सांगते. कुर्लीचेही तसेच आहे. डेंगे धरून तिला दहा पाय असतात, आणि पाच ज्ञानेंद्रिये व पाच कर्मेंद्रिये मिळून इंद्रियेही दहाच. ती तिरकी चालते हे कोणाला शिकवावे लागत नाही. उलट ‘चिरा म्हणजे श्रद्धा, पेंढा म्हणजे वैराग्य’ अशी जुळणी करायचा मोह टाळावा, कारण पेंढ्याच्या कोणत्या गुणामुळे तो वैराग्य ठरतो याचे उत्तर देता येत नाही. जिथे उत्तर नाही तिथे वस्तू नुसती वस्तू म्हणून राहू द्यावी. सगळ्याच गोष्टींना आतला अर्थ असलाच पाहिजे असे नाही.

छंद आणि ध्रुपद

रात्रीच्या भजनात झील धरणाऱ्यांना ओळ एकदा ऐकून उचलता आली पाहिजे, म्हणून छंद सोपा घ्यावा. थोरल्या अभंगाची 6-6-6-4 अक्षरांची बांधणी निवांत गायनाला छान असते, पण कोड्याला धाकट्या अभंगाची 8-8 अक्षरांची जोडी अधिक मानवते: पहिल्या आठांत प्रश्न ठेवता येतो, दुसऱ्या आठांत धक्का देता येतो, आणि दोन्ही चरणांच्या शेवटी यमक येते. भजनी ठेका आठ मात्रांचा असल्यामुळे एक चरण एका आवर्तनात बसतो. अक्षरे मोजताना ऱ्हस्व-दीर्घ असा भेद करू नये, आणि जोडाक्षर एकच धरावे.

ध्रुपद असे घेतले:

चोर आला भर राती ।
दार लावी निज हाती ॥

‘भर राती’ म्हणताना भरतीचा नाद ऐकू येतो आणि ‘निज’ या शब्दात स्वतःचा हा अर्थ व आत्मस्वरूपाची चाहूल दोन्ही आहेत. पहिल्या मसुद्यात दुसरा चरण ‘दारे मिटली पाण्याने’ असा सुचण्याची शक्यता फार असते. तो टाकून द्यावा, कारण त्यात यमक तर नाहीच, शिवाय कोड्याचे उत्तर ध्रुपदातच दिले जाते. ध्रुपद बुवा आणि झील मिळून अनेकदा म्हणणार आहेत, म्हणून त्याचे शब्द तेच राहून प्रत्येक कडव्यानंतर अर्थ सरकला पाहिजे. कूट भारुडाची खरी कारागिरी माझ्या दृष्टीने इथेच आहे, कडव्यांत नाही.

कडवी

शेत माझे खाडीकाठी ।
खार पाणी लागे पाठी ॥1॥

माती चिरा पेंढा घाला ।
रोज बांध पाहू चला ॥2॥

मानसाची दारे दोन ।
कडी घाली तेथे कोण ॥3॥

दहा पायांची पाहुणी ।
आली तिरकी चालोनी ।
बीळ पाडी बांधाखाली ।
शेती सारी खारी झाली ॥4॥

मेघ धुवी खारेपण ।
कोरगुट देई कण ॥5॥

कूळ म्हणे भाटकारा ।
तूच चोर, तू पहारा ॥6॥

आता ध्रुपद प्रत्येक वेळी काय सांगते ते पाहावे. पहिल्या दोन कडव्यांनंतर चोर म्हणजे भाताचा चोर असेल असे वाटते आणि चोराने दार का लावावे हा प्रश्न अडून राहतो. तिसऱ्या कडव्यात ‘कडी घाली तेथे कोण’ असे विचारल्यावर खाजनातला श्रोता हसतो, कारण चोर म्हणजे भरतीचे पाणी हे त्याला कळलेले असते. ज्याला खाजन माहीत नाही तो अजून अडकलेला असतो, आणि या दोघांमधली कुजबुज आपल्याला हवीच असते. चौथ्यानंतर तेच ध्रुपद उपरोधाचे होते: बाहेरच्या चोराने दार लावले खरे, पण नाश करणारी पाहुणी बांधातच होती. पाचव्यानंतर लक्षात येते की शेत बुडवणारे आणि शेत धुणारे दोन्ही पाणीच आहे. सहाव्यानंतर चोर कोण याचे उत्तर तिसऱ्यांदा बदलते, आणि दार लावणारा हात देवाचा ठरतो. चोर हे कृष्णाचे जुनेच रूप असल्यामुळे श्रोते हा पालट सहज स्वीकारतात.

चौथे कडवे मुद्दाम दुप्पट लांबीचे आहे. बिघाडाच्या प्रसंगाला जागा जास्त लागते, आणि सगळी कडवी एकाच मापाची असली की रात्री ऐकणाऱ्याचा डोळा लागतो.

शेवटच्या कडव्यात मुद्रिका असते. ‘एका जनार्दनी’ ही एकनाथांची मुद्रिका आपल्या रचनेला लावणे सर्वथा गैर आहे. आपले नाव, गुरूचे नाव किंवा ग्रामदेवतेचे नाव घालावे. वरच्या रचनेत नावाऐवजी ‘कूळ म्हणे’ असे ठेवले आहे, म्हणजे जो बोलतो तो जीव आणि तो ज्याची जमीन कसतो तो भाटकार. मात्र या शब्दांना गोव्यात इतिहास आहे. 1964 चा कूळ कायदा आणि त्यातली 1976 ची पाचवी दुरुस्ती, जिच्यामुळे कसणाऱ्या कुळाकडे मालकी आली, या गोष्टी ऐकणाऱ्यांच्या घरांतून घडलेल्या आहेत, आणि देवाला भाटकार म्हणणे एखाद्या गावात बोचू शकते. तिथे शेवटचे कडवे ‘दास म्हणे दामोदरा’ असे सुरू करावे. त्याचीही अक्षरे आठच भरतात आणि यमक बिघडत नाही. फक्त वरच्या अर्थाचा धागा त्या जागी सैल होतो, हे समजून उमजून करावे.

दोन वाचने आणि दुरुस्ती

रचना झाल्यावर ती दोन वेगळ्या माणसांना वाचून दाखवावी. पहिला शेतीतला असावा, आणि त्याला परमार्थाचे एक अक्षरही सांगू नये. त्याने ‘हे असे होत नाही’ असे कुठेही म्हटले तर ती ओळ बदलायची, मग तिचा आतला अर्थ कितीही सुंदर असो. समजा, रात्री जागा राहून पहारेकरी दार ओढून घेतो असे लिहिले असते, तर साधकाच्या जागरणाचे चित्र छान साधले असते, पण शेतकऱ्याने मान हलवली असती आणि त्या मान हलवण्याने अख्खे भारूड खोटे पडले असते. दारे किती, तेही गावच्या मानसावर जाऊन पाहावे. काही ठिकाणी एक असते, काही ठिकाणी अधिक. एकच असेल तर तिसऱ्या कडव्याचा पहिला चरण बदलावा लागेल, कारण त्याच गावात दोन म्हणून चालणार नाही.

दुसरा वाचक नित्य कीर्तन-प्रवचन ऐकणारा असावा. त्याला आतला अर्थ किती कडव्यांनंतर लागला हे विचारावे. पहिल्याच कडव्यात लागला तर रचना उघडी पडली आहे असे समजावे. याचे कारण बहुधा एखादा पारमार्थिक शब्द चुकून आत शिरलेला असतो. पुढील ओळी पाहाव्यात:

मन हे मानस जाण ।
विषयांचे ते तुफान ॥

अक्षरे बिनचूक आठ-आठ आहेत, यमकही आहे, आणि तरी या दोन ओळी कोडे मारून टाकतात. मन, विषय, माया, वासना, जीव, शिव, नेम असले शब्द कडव्यांतून गाळून काढावेत. शेवटच्या कडव्यापर्यंत गाणे फक्त शेतीचे राहिले पाहिजे. उलट शेवट ऐकूनही वाचकाला काही लागले नाही, तर मध्ये एखादी खूण कमी पडते आहे. इथे ती खूण ‘दहा पायांची’ या शब्दांत आहे, कारण ऐकण्याची सवय असलेल्याला दहा हा आकडा लगेच टोचतो. खूण द्यायची ती आकड्याने किंवा श्लेषाने द्यावी, स्पष्टीकरणाने कधीही नाही.

आणखी एक दोष उशिरा लक्षात येतो: एकाच वस्तूला दोन ठिकाणी दोन अर्थ मिळणे. पाचव्या कडव्यातला मेघ कृपा आहे, म्हणून दुसरीकडे कुठे वादळी पावसाने बांध फुटला असे लिहिता येणार नाही, जरी प्रत्यक्षात तसे घडत असले तरी. चोराचा अर्थ बदलतो, पण तो ठरवून, ध्रुपदात आणि शेवटी उत्तर देऊन. कडव्यांतल्या वस्तूंना ती मोकळीक नसते.

रात्रीचे सादरीकरण

गोव्यातल्या भजनात अभंग आणि गौळण होऊन रंग चढल्यावर, पण भैरवी आणि आरतीच्या आधी, कूट भारुडाला चांगली जागा असते. मध्यरात्रीनंतर लांब आलापीकडे लक्ष राहत नाही, पण कोड्याकडे राहते. चाल मध्य सप्तकातल्या पाच-सहा स्वरांत ठेवावी आणि ‘हाती’ या शब्दावर षड्जावर यावे, म्हणजे झिलीला परतायची जागा नक्की कळते. ध्रुपदाचा पहिला चरण बुवाने म्हणावा आणि दुसरा झिलीने. प्रश्न एका तोंडी व धक्का अनेकांच्या तोंडी आल्याने तो दुप्पट लागतो.

वेळेचा हिशेब आधी करावा, कारण वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या चोवीस तासांच्या अखंड भजनात पाळ्या ठरलेल्या असतात आणि पुढचे पथक थांबलेले असते. मिनिटाला साधारण 120 मात्रांची लय धरली तर आठ मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत होते आणि दोन चरणांची ओळ आठ सेकंदांत. कडवे दोनदा आणि ध्रुपद दोनदा म्हटले की अर्धा मिनिट जातो, म्हणजे नुसते गाणे चौथे लांब कडवे धरूनही साडेतीन मिनिटांच्या आत आटोपते. उरलेला वेळ निरूपणाचा असतो, आणि एकूण बारा मिनिटांपलीकडे जाऊ नये.

निरूपण पहिल्या दोन कडव्यांवर करूच नये. तिसऱ्या कडव्यानंतर पखवाजाचा ठेका हलका करून, श्रोत्यांकडे वळून, दार कोण लावतो हे विचारावे आणि उत्तर मांडवातून येऊ द्यावे. उत्तर आले की भरती-ओहोटीचा वरचा अर्थ दोन-तीन वाक्यांत सांगावा. तिथे मनाचा विषय काढू नये. फक्त ‘आमच्या मानसाला अशी दारे आहेत का?’ एवढेच विचारून चौथे कडवे उचलावे. कुर्लीनंतर मात्र दहा पाय मोजून दाखवायला हरकत नाही, कारण तिथपर्यंत अर्धा मांडव पुढे पोचलेला असतो आणि उरलेल्यांना सोबत घ्यावे लागते. सहाव्या कडव्यावर निरूपण नको. ते म्हणून झाल्यावर ध्रुपद तीन वेळा, शेवटच्या खेपेस दुप्पट लयीत म्हणावे आणि तिहाईवर थांबून सरळ भैरवीचा स्वर धरावा.

सोंग घ्यायचे झाले तर कंदील आणि खोरे एवढेच पुरे. फार सजावट केली तर लोक वेष पाहतात आणि शब्द निसटतात. कुटात शब्द निसटला की सगळे गेले. त्याच कारणाने ध्वनिक्षेपकावर झांजेचा आवाज बुवाच्या आवाजापेक्षा खाली ठेवायला आधीच सांगावे, आणि झील धरणाऱ्यांना ध्रुपद छापील कागदावर न देता दिवसा दोन-तीनदा म्हणून घ्यावे.

सत्तरीसारख्या डोंगराळ भागात हेच भारूड जसेच्या तसे चालणार नाही, कारण तिथल्या श्रोत्याला मानस ओळखीचा नसतो आणि तिसऱ्या कडव्यावरची कुजबुज उठत नाही. तिथे विषयच नव्याने शोधावा. खाजनाच्या गावात ते पुन्हा पुढच्या वर्षी गायचे असेल तर कुर्लीच्या जागी अडकलेल्या काडीचे कडवे घालता येते:

काडी अडे दारामाजी ।
खारी होई शेती ताजी ॥

हे कडवे घेतले तर ते तिसऱ्याच्या लगेच पुढे घ्यावे आणि काडी म्हणजे काय ते सांगू नये. पाळी उशिरा आली व वेळ अपुरा पडला, तर दुसरे कडवे गाळावे. मेघाचे पाचवे कडवे गाळू नये, कारण त्याच्याविना सहाव्या कडव्यातला चोर आणि पहारा एकाच पाण्याचे निघत नाहीत.